एकशेवीसच्या टीव्हीवर चाळीसचा खेळ

भाच्यानं दिवाळीत नवा टीव्ही घेतला. ५५ इंची, फोर-के, आणि खोक्यावर ठळक अक्षरांत १२० हर्ट्झ. प्लेस्टेशन ५ घरात आधीपासून होतंच. गेम लावला तर पडद्यावर नेहमीचाच प्रश्न: परफॉर्मन्स मोड हवा की क्वालिटी? पहिल्यात सेकंदाला ६० फ्रेम, दुसऱ्यात ३०. तो वैतागला. "मामा, टीव्ही १२० चा आहे ना? मग हे अजून तीस-साठवरच का अडलंय?"

प्रश्न रास्त होता, पण त्यात दोन आकड्यांची गल्लत होती. टीव्हीचे हर्ट्झ म्हणजे पडदा सेकंदाला किती वेळा नव्यानं रंगवला जातो. फ्रेम म्हणजे कन्सोल सेकंदाला किती नवी चित्रं तयार करतं. टीव्ही वाढपी, कन्सोल आचारी. वाढपी मिनिटाला कितीही फेऱ्या मारो, तव्यावरून पोळी उतरल्याशिवाय ताटात काही पडत नाही. नवं चित्र आलं नाही की टीव्ही आधीचंच पुन्हा दाखवतो. सगळी ओढाताण तव्यापाशी आहे. आरशातली प्रतिबिंबं, दाट गवत, दूरवरच्या डोंगरावरचा उजेड हे सगळं नीट काढायचं तर एका चित्राला वेळ जास्त लागतो. तोच क्वालिटी मोड. परफॉर्मन्स मोड यातलं काही गाळतो, चित्राची बारकाई कमी करतो आणि भरभर वाढतो.

मग जलद टीव्हीचा उपयोग काय? १२० फ्रेम देणारे गेम आहेत. फोर्टनाइट त्यातला एक. पण भारी दिसणाऱ्या मोठ्या गेममध्ये तेवढा वेग कन्सोलला झेपत नाही. माझ्या मते या टीव्हीची खरी कमाई १२० नाही, ती ४० आहे. हे ऐकायला उलटं वाटतं, म्हणून एक उदाहरण सावकाश पाहू.

'रॅचेट अँड क्लँक: रिफ्ट अपार्ट' हा इन्सोम्नियाक या स्टुडिओचा गेम २०२१ च्या जूनमध्ये प्लेस्टेशन ५ वर आला. त्यात तीन मोड होते: फोर-के आणि रे ट्रेसिंगसह ३० फ्रेमचा फिडेलिटी, ६० फ्रेमचा परफॉर्मन्स, आणि चित्राची बारकाई कमी करून प्रतिबिंबं राखणारा ६० फ्रेमचाच तिसरा. थोड्याच दिवसांत एका अपडेटनं फिडेलिटीला नवी जोड दिली. टीव्ही १२० हर्ट्झचा असेल, तर तेच देखणं चित्र ३० ऐवजी ४० फ्रेमनं.

चाळीसच का, याचं उत्तर भागाकारात आहे. १२० ला ४० नं भागलं की ३ येतात. प्रत्येक चित्र तीन फेऱ्या थांबतं, मग पुढचं. ताल बिघडत नाही. हेच साध्या ६० हर्ट्झच्या टीव्हीवर करून पाहा: दीड येतं. अर्धी फेरी नसते, त्यामुळे एक चित्र एक फेरी टिकतं, पुढचं दोन, मग पुन्हा एक. कॅमेरा फिरवला की पडदा लंगडत चालल्यासारखा दिसतो. म्हणून ६० च्या टीव्हीवर ६० नाहीतर ३०, मधलं काही नाही.

"तीसचे चाळीस झाले, त्यात काय एवढं?" असंही त्यानं विचारलं. फ्रेमची संख्या बाजूला ठेवून एका चित्राला लागणारा वेळ मोजा. ३० फ्रेमला प्रत्येक चित्र ३३.३ मिलिसेकंद टिकतं, ६० ला १६.७. ४० ला २५, म्हणजे दोघांच्या बरोबर मध्यावर. दहाच फ्रेम वाढवून साठपर्यंतचं निम्मं अंतर कापलं जातं. हातालाही ते कळतं. समजा बटण दाबल्यापासून परिणाम दिसायला एखाद्या गेमला तीन फ्रेम लागतात. तर ३० ला १०० मिलिसेकंद, ४० ला ७५, ६० ला ५०. कंट्रोलर जड लागतो म्हणतात तो इथे.

ओएलईडी टीव्ही असेल तर हा फरक आणखी डोळ्यांत भरतो. एलसीडी पडद्याचा ठिपका रंग बदलायला थोडा वेळ घेतो, त्या पुसटपणात ३० फ्रेमचे धक्के झाकले जातात. ओएलईडीचा ठिपका जवळजवळ तत्क्षणी बदलतो आणि प्रत्येक धक्का उघडा पडतो. महागडा टीव्ही आणून जुनाच गेम अडखळतोय असं वाटलं, तर दोष बहुतेक टीव्हीचा नसतो.

आता घोटाळ्याची जागा. भाच्याच्या गेममध्ये ४० चा पर्याय सुरू केला, तरी फरक दिसेना. कन्सोलमध्ये `Settings` › `Screen and Video` › `Video Output` इथे गेलो. `120 Hz Output` हे `Automatic` वर होतं. मग `Video Output Information` उघडलं, तर तिथे सरळ ६० हर्ट्झ लिहिलेलं. टीव्हीच्या मागे चार एचडीएमआय पोर्ट होते. बऱ्याच टीव्हींत त्यातले दोनच फोर-के आणि १२० एकत्र घेतात, आणि त्या दोनांतला एक नेमका साउंडबारचा ईआर्क पोर्ट असतो. कन्सोल तिसऱ्याच भोकात होतं. ते हलवलं, टीव्हीच्या मेनूत त्या पोर्टचा सिग्नल वाढीव दर्जाचा केला (प्रत्येक कंपनी याला वेगळं नाव देते), आणि कन्सोलच्या खोक्यातलीच केबल वापरली. आकडा `3840x2160 - 120Hz` असा झाला. दोन्ही भाग वाचायचे बरं का. काही ६० हर्ट्झचे फोर-के टीव्ही १२० चा सिग्नल घेतात, पण फक्त १०८० रिझोल्यूशनला. तिथे फ्रेम वाढतात आणि देखणेपण, ज्यासाठी हा खटाटोप, तेच निघून जातं. खोक्यावरचा आकडाही पारखून घ्यावा; 'मोशन' शब्दाला चिकटलेला १२० पुष्कळदा ६० च्याच पॅनेलवर केलेली सारवासारव असते.

टीव्हीचा गेम मोड चालू हवा. तो नसेल तर टीव्ही दोन चित्रांच्या मध्ये स्वतःची बनावट चित्रं घुसवू शकतो; हालचाल गुळगुळीत होते, पण बटणाचा प्रतिसाद उशिरा येतो आणि वर मिळवलेले मिलिसेकंद तिथेच सांडतात.

व्हीआरआर, म्हणजे कन्सोलच्या फ्रेमप्रमाणे टीव्हीनं आपली फेरी बदलणं, प्लेस्टेशन ५ वर एप्रिल २०२२ मध्ये आलं. ५० ते ६० मध्ये हेलकावणाऱ्या परफॉर्मन्स मोडला त्याचा मोठा आधार. पण तिथे त्याची हद्द ४८ पासून सुरू होते. त्याखाली घसरणाऱ्या गेमला, स्टुडिओनं वेगळी सोय केली नसेल तर, ते वाचवत नाही.

मग निवड? नेमबाजी, शर्यत, मारामारी असेल तर डोळे झाकून परफॉर्मन्स. मात्र तोही फुकट नसतो. २०२४ मध्ये 'फायनल फँटसी ७ रीबर्थ' आला तेव्हा त्याचा परफॉर्मन्स मोड इतका धूसर होता की लोकांनी तक्रारी केल्या आणि नंतर अपडेटनं तो सुधारावा लागला. तपासायला सोपी युक्ती आहे: झाडाझुडपांजवळ उभं राहून कॅमेरा हळूच फिरवा. पानांच्या कडा मुंगळ्यांसारख्या वळवळल्या, तर तिथे चित्र फारच स्वस्तात काढलंय. भटकंतीच्या, गोष्टीच्या गेममध्ये ४० चा मोड असेल, तर मी दुसरं काही पाहणार नाही. तो नसेल तर माझं मत ६० ला.

भाचा रात्री उशिरापर्यंत रॅचेट घेऊन बसला होता. साउंडबार मात्र त्या गडबडीत सुटला होता. सगळा गेम टीव्हीच्या बारक्या स्पीकरवर चालला होता, आणि त्याच्या ते लक्षातही आलं नव्हतं.