दोनदा आलेला पोल आणि त्यातून निघणारा n

डिजिटल थर्मामीटरच्या पडद्यावरचा आकडा सतत थरथरू नये म्हणून आतल्या चिपमध्ये एक साधी युक्ती केलेली असते. दर सेकंदाला सेन्सरची नवी मोजणी येते, पण ती जशीच्या तशी दाखवत नाहीत. आधीच्या आकड्याचा अर्धा भाग आणि नव्या मोजणीचा अर्धा भाग यांची बेरीज दाखवतात. तरीही थरथर उरली, तर हीच क्रिया त्या उत्तरावर पुन्हा एकदा करतात. आकडा शांत होतो, पण सुस्तही होतो. बर्फाच्या पाण्यातला सेन्सर एकदम उकळत्या पाण्यात घातला, तर पडद्यावर ९९ अंश दिसायला किती मोजण्या लागतील? सेन्सर स्वतः तत्काळ १०० दाखवतो असे धरू, म्हणजे उरलेला सगळा उशीर या दुहेरी गाळणीचाच.

अशा प्रश्नांसाठी अभियंते झेड-ट्रान्सफॉर्म वापरतात. १९५२ साली न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातील जॉन रॅगझिनी आणि लोत्फी झादेह यांच्या लेखाने ही पद्धत रुळवली. कल्पना सोपी आहे. आकड्यांच्या मालिकेतल्या शून्याव्या आकड्याला 1 ने, पहिल्याला z^-1 ने, दुसऱ्याला z^-2 ने गुणायचे आणि सगळ्याची बेरीज करायची. z^-1 चा अर्थ ‘एक पाऊल उशिरा’, एवढे लक्षात ठेवले तरी पुरे. या भाषेत अचानक १ वर जाऊन तिथेच राहणारी मोजणी z/(z-1) होते आणि आपली प्रत्येक गाळणी 0.5z/(z-0.5) होते. एकामागून एक जोडलेल्या गोष्टींचा इथे नुसता गुणाकार होतो:

X(z) = 0.25 z^3 / ((z-1)(z-0.5)^2)

छेद शून्य करणाऱ्या z च्या किमतींना पोल म्हणतात. इथे १ हा पोल एकदा आला आहे आणि ०.५ दोनदा, कारण दोन्ही गाळण्या अगदी सारख्या आहेत. आता या अपूर्णांकातून मूळ आकडे परत काढायचे. शंभर अंशांना १ मानले आहे, तेव्हा शेवटी शंभराने गुणले की झाले.

पहिला मार्ग घातश्रेणीचा, म्हणजे शाळेतला लांबलचक भागाकार. छेदाचा विस्तार z^3 - 2z^2 + 1.25z - 0.25 असा होतो. अंशाला त्याने भागत गेले की क्रमाने 0.25, मग 0.5z^-1, मग 0.6875z^-2 अशी पदे पडतात. प्रत्येक वेळी भागाकार मांडायचीही गरज नाही. पहिल्या पदानंतर प्रत्येक नवे पद म्हणजे मागच्याची दुप्पट, वजा त्याच्या मागच्याची सव्वापट, अधिक त्याच्याही मागच्याचा पाव भाग. सुरुवातीला मागे पद नसेल तिथे शून्य धरायचे. पडद्यावर म्हणूनच २५, ५०, ६८.७५, ८१.२५ आणि मग साधारण ८९.०६ असे आकडे दिसतील.

भागाकार कोणत्या टोकाकडून सुरू करायचा, इथे मात्र फसगत होते. छेद उलटा, -0.25 कडून लिहून भागले तर -z^3, -5z^4, -17z^5 अशी पदे निघतात. बीजगणितात काहीही चुकलेले नसते. पण z चे धन घात म्हणजे सुरुवातीच्या आधीचे क्षण, आणि सेन्सर पाण्यात पडण्यापूर्वीच त्याची चाहूल लागणारे थर्मामीटर अजून कोणी बनवलेले नाही. एकाच अपूर्णांकाच्या पोटात अशा वेगवेगळ्या मालिका असतात. त्यांतली आपली कोणती, हे z ची मर्यादा सांगते: |z| > 1 दिले असेल तर उत्तर पुढे जाणारे, |z| < 0.5 असेल तर मागे जाणारे. ही अट न वाचता गणिताला हात घालू नये.

भागाकाराने हवे तेवढे आकडे मिळतात, पण सूत्र मिळत नाही. त्यासाठी आंशिक अपूर्णांक. आधी X(z) ला z ने भागून घ्यायचे, कारण तक्त्यांत जी रूपे असतात त्यांच्या अंशात एक z लागतो आणि तो शेवटी परत द्यायचा असतो.

X(z)/z = A/(z-1) + B/(z-0.5) + C/(z-0.5)^2

दुहेरी पोलला दोन पदे द्यावी लागतात, एकेरी घाताचे आणि वर्गाचे. बरेच जण B विसरतात. A काढायला (z-1) झाकून उरलेल्यात z = 1 ठेवायचा; A = 1 येतो. C काढायला (z-0.5)^2 झाकून z = 0.5 ठेवायचा; C = -0.125. B साठी ही झाकाझाकी चालत नाही, कारण वर्गाचे पद आड येते. पुस्तके इथे विकलन करायला सांगतात. मला त्यापेक्षा दुसरी वाट आवडते: दोन्ही बाजूंना z ने गुणून z अतिप्रचंड होऊ द्या. डावीकडे 0.25 उरतो, उजवीकडे A + B. म्हणजे B = -0.75. मग

x[n] = 1 - 0.75(0.5)^n - 0.25 n(0.5)^n

यातला सुटा n कुठून आला? एका गाळणीत एखाद्या मोजणीचा ठसा दर पावलाला निम्मा होतो: 1, 1/2, 1/4 आणि पुढे. दोन गाळण्या जोडल्या की या श्रेणीला तिनेच गुणायचे. समजा एकूण उशीर तीन पावलांचा आहे. तो पहिल्या गाळणीत शून्य आणि दुसरीत तीन, किंवा एक आणि दोन, किंवा दोन आणि एक, किंवा तीन आणि शून्य असा चार प्रकारे वाटता येतो. प्रत्येक वाटणीचे वजन सारखेच, 1/8. म्हणून एकूण 4/8. n पावलांसाठी वाटण्या n+1. दोन्ही पोल वेगळे असते तर या वाटण्यांची वजने सारखी राहिली नसती आणि n असा सुटा दिसला नसता.

सूत्र तपासायला भागाकार हाताशी आहेच. n = 2 ठेवला तर 1 - 0.1875 - 0.125, म्हणजे 0.6875. जुळले. तक्त्यातले n(0.5)^(n-1) उतरवताना घातातला -1 राहून गेला, तर हीच किंमत 0.75 येते आणि चूक तिथल्या तिथे पकडली जाते. शून्याव्या पदावर ती सापडत नाही, कारण n = 0 ला ते पदच नाहीसे होते; निदान दोन-तीन पदे तरी पडताळावीत.

९९ अंशांचे उत्तर आता सूत्रातूनच मिळते. n = 8 ला ९८.९३, n = 9 ला ९९.४१. शून्यापासून मोजत असल्याने ही दहावी मोजणी. एकच गाळणी असती तर सातव्या मोजणीलाच ९९ ओलांडले असते.

संगणकावर हे करताना दुहेरी पोल त्रास देतो. छेदातल्या z^2 - z + 0.25 मध्ये शेवटचा आकडा 0.2499 असा किंचित घसरला, तर मुळे 0.49 आणि 0.51 होतात. दहा हजारावा भाग चुकला आणि पोल शंभराव्या भागाने सरकले. आता दोन वेगळी पदे पडतात, त्यांचे सहगुणक सुमारे -6.64 आणि 5.88. बेरीज जवळपास तीच, -0.75. पण मोठे विरुद्ध चिन्हांचे आकडे एकमेकांना खाऊन छोटे उत्तर देतात आणि त्यात अचूक अंक गळत जातात. उत्तरात असे मोठे, जवळजवळ सारखे, उलट चिन्हांचे सहगुणक दिसले की तिथे बहुधा एकच पोल दोनदा आहे, हे ओळखावे आणि छेद हाताने अवयव पाडून पाहावा. भागाकाराला मुळे शोधावीच लागत नाहीत, म्हणून तो या गोंधळातून सुटतो. पायथॉनमध्ये तो असा होतो:

```
from scipy.signal import lfilter
lfilter([0.25], [1, -2, 1.25, -0.25], [1, 0, 0, 0, 0])
```

उत्तर येते 0.25, 0.5, 0.6875, 0.8125, 0.890625.