गड उतरताना पाय का मुरगळतो?

पेणचे गणपती कारखाने पाहून पुढे रोह्याजवळच्या अवचितगडावर जायचे, अशी सहल ठरली आहे असे समजू. पेणच्या गल्ल्यांत कोणतीही वहाण चालेल. मेढे गावातून गडाची वाट सुरू झाली, की सुटे दगड आणि झिजलेल्या, बाहेर कललेल्या पायऱ्या लागतात. तिथे कोणते बूट टिकतील, हे आपण शाळेतच तपासू शकतो.

अर्धा मीटर लांबीच्या शहाबादी फरशीवर बूट ठेवा, त्याच्या टाचेत एक दगड घाला आणि फरशीचे एक टोक हळूहळू उचला. बूट घसरू लागेल त्या क्षणी उचललेल्या टोकाची उंची मोजा. समजा ती ३० सेंटिमीटर भरली. पायथागोरसच्या नियमाने पाया ४० सेंटिमीटर येतो. उंचीला पायाने भागले की ०.७५ हा घर्षणांक मिळतो. आता फरशीवर पाणी ओतून पुन्हा पाहा. या वेळी बूट १४ सेंटिमीटरलाच घसरला, तर पाया ४८ आणि घर्षणांक साधारण ०.२९.

सपाट जागी चालताना सुमारे ०.२ एवढे घर्षण लागते. दहा अंश कललेल्या पायरीवर त्यात आणखी सुमारे ०.१८ ची भर पडते, म्हणजे गरज ०.३८ च्या आसपास जाते. हा बूट कोरड्या पायरीवर टिकेल, ओल्या पायरीवर घसरेल. आपली चाचणी स्थिर बुटाची आहे. म्हणून तिचा उपयोग दोन बुटांची तुलना करण्यापुरताच करावा. जुन्या, कडक झालेल्या तळापेक्षा मऊ रबराचा तळ ओल्या दगडावर बहुधा सरस ठरतो. शेवाळावर मात्र कोणत्याच तळाचा भरवसा नाही. अशी पायरी टाळावी.

आता घोट्याकडे वळू. पायाच्या नळीची दोन हाडे खाली एक खाच तयार करतात आणि तिच्यात टेलस नावाचे हाड बसते. हे हाड पुढे रुंद, मागे अरुंद असते. चढताना पाऊल वर वळते, रुंद भाग खाचेत येतो आणि सांधा घट्ट बसतो. उतरताना चवडा खाली झुकतो, अरुंद भाग खाचेत येतो आणि सांधा सैल पडतो. अशा वेळी पाऊल दगडाच्या कडेवर पडले, तर ते आत वळते आणि घोट्याच्या बाहेरच्या बाजूचे अस्थिबंध ताणले जातात किंवा तुटतात. तळ जाड आणि अरुंद असेल, तर तो तरफेसारखे काम करून पाऊल आणखी वळवतो.

म्हणून सहलीसाठी तळ बसका व रुंद असावा, टाचेची कड ताठ असावी आणि बुटाला नाडी असावी. गडावरून निघण्यापूर्वी प्रत्येकाने टाच मागे सारून नाडी पुन्हा घट्ट बांधावी. सैल बुटात पाय पुढे सरकतो आणि टाच मोकळी होते.

एवढे करूनही कोणाचा पाय मुरगळला आणि चार पावलेही टाकता आली नाहीत, किंवा घोट्याच्या हाडाची मागची कड दाबल्यावर दुखली, तर त्याला चालवू नये. उचलून खाली आणावे आणि क्ष-किरण तपासणी करून घ्यावी.