लग्न ठरलंय? रुबेला आणि कांजिण्यांची लस दिवस जाण्याआधीच. मध्ये किती थांबायचं, समजून घ्या

गावाकडे बहुतेक घरांत एक समज पक्का आहे. सुनेला दिवस गेले की आशाताई नाव नोंदवतात, उपकेंद्रात इंजेक्शनं मिळतात, म्हणजे सगळी काळजी सरकारच घेतं. यातलं अर्धं खरं आहे. गरोदरपणात सरकारी दवाखान्यात जे इंजेक्शन देतात ते धनुर्वात आणि घटसर्पाचं. रुबेला आणि कांजिण्यांची लस गरोदर बाईला देतच नाहीत, देता येत नाही. या दोन्ही लसी घ्यायच्या तर दिवस जाण्याआधीच घ्याव्या लागतात. नेमकी हीच वेळ आपल्याकडे निसटते, कारण लग्नाआधी बस्ता, हॉल आणि केटरर्स यांचीच धावपळ असते. डॉक्टरकडे जायचं कुणाच्या डोक्यात नसतं.

रुबेला म्हणजे काय?

रुबेलाला काही लोक जर्मन गोवर म्हणतात. अंगावर बारीक पुरळ, थोडा ताप, कानामागे आणि मानेवर गाठी. तीन-चार दिवसांत माणूस बरा. कित्येकांना तर हा आजार झाल्याचं कळतही नाही. म्हणूनच तो फसवा आहे. पहिल्या तीन महिन्यांच्या गरोदर बाईला रुबेला झाला, तर दहापैकी आठ-नऊ वेळा पोटातल्या बाळाला इजा होते. जन्मतः मोतीबिंदू, बहिरेपण, हृदयात दोष. कधी गर्भ पडतो. 1941 साली ऑस्ट्रेलियातले डोळ्यांचे डॉक्टर नॉर्मन ग्रेग यांच्याकडे एकापाठोपाठ मोतीबिंदू असलेली तान्ही बाळं येऊ लागली. आयांची चौकशी केली, तेव्हा गरोदरपणाच्या सुरुवातीला बहुतेकींना रुबेला होऊन गेल्याचं निघालं. तोपर्यंत हा किरकोळ आजारच समजला जात होता.

झालेल्या रुबेलावर औषध नाही. आधी घेतलेली लस, एवढाच उपाय.

कुणी घेतलेली आहे, कुणी नाही?

महाराष्ट्रात नोव्हेंबर 2018 मध्ये गोवर-रुबेला लसीची मोठी मोहीम झाली. नऊ महिन्यांपासून पंधरा वर्षांपर्यंतच्या मुलामुलींना शाळा-अंगणवाडीत ही लस टोचली. अंगठ्यावर शाईची खूण करत होते, तीच ती. त्याआधी सरकारी दवाखान्यात लहान मुलांना फक्त गोवराची लस मिळायची, तिच्यात रुबेला नव्हता. म्हणजे ढोबळमानाने 2003 पर्यंत जन्मलेल्या मुलींना ही लस सरकारी मोहिमेतून मिळालेली नाही. खासगी डॉक्टरकडे लहानपणी ‘एमएमआर’ घेतली असेल तरच. त्यानंतर जन्मलेल्या पण मोहिमेच्या दिवशी गैरहजर असलेल्या, किंवा व्हॉट्सॲपवरच्या अफवांमुळे घरच्यांनी नको म्हटलेल्या मुलीही यातच धरायच्या.

आईला विचारावं, जुनं कार्ड शोधावं. काहीच सापडलं नाही तर दोन मार्ग आहेत. एक, रुबेला आयजीजी ही रक्ताची तपासणी. तिचा रिपोर्ट ‘पॉझिटिव्ह’ आला की अनेक घरांत रडारड सुरू होते. पण इथे पॉझिटिव्ह म्हणजे शरीरात संरक्षण तयार आहे, लसीची गरज नाही. निगेटिव्ह आला तर लस घ्यायची. दुसरा मार्ग, तपासणीचा खर्च टाळून थेट लस घेणं. आधीच संरक्षण असलेल्या बाईने पुन्हा लस घेतली तरी नुकसान होत नाही. रुबेलासाठी मोठ्या बाईला एमएमआरचा एक डोस पुरतो.

कांजिण्या आणि कावीळ ब

कांजिण्यांचा हिशोब सोपा आहे. लहानपणी कांजिण्या झाल्याचं आईला नक्की आठवत असेल, तर लस नको. झाल्या नसतील तर किमान चार आठवड्यांच्या अंतराने दोन डोस. गरोदरपणात कांजिण्या झाल्या तर बाळाला जन्मजात व्यंग येण्याचा धोका रुबेलापेक्षा बराच कमी असतो, पण आईला न्यूमोनिया होऊन जिवावर बेतू शकतं. बाळंतपणाच्या आगेमागे झाल्या तर नवजात बाळाला धोका.

कावीळ ब, म्हणजे हिपॅटायटिस बी, यांचं गणित वेगळं. हा विषाणू आईकडून बाळाला मुख्यतः बाळंतपणाच्या वेळी जातो. जन्मताच लागण झालेल्या दहापैकी नऊ बाळांच्या शरीरात तो कायमचा मुक्काम करतो आणि पुढे लिव्हर खराब करतो. म्हणून आधी एचबीएसएजी ही रक्ताची तपासणी करायची. ती निगेटिव्ह असेल आणि पूर्वी लस घेतलेली नसेल, तर तीन डोस: आज, एका महिन्याने आणि सहा महिन्यांनी. तपासणी पॉझिटिव्ह आली तर लसीचा उपयोग नाही, पण मूल होऊ द्यायचं नाही असाही त्याचा अर्थ नाही. डॉक्टरांच्या देखरेखीत बाळंतपण दवाखान्यातच करायचं आणि बाळाला जन्मल्यापासून 24 तासांच्या आत लस व सोबत वेगळं इंजेक्शन द्यायचं.

मध्ये किती थांबायचं?

इथेच सगळ्यात जास्त गोंधळ आहे. रुबेला आणि कांजिण्या या दोन्ही लसींत जिवंत, पण कमजोर केलेला विषाणू असतो. तो काही दिवस शरीरात वाढतो आणि संरक्षण तयार करतो. तेवढ्या काळात पोटात गर्भ नको, म्हणून शेवटच्या डोसनंतर एक महिना थांबायचं. कुणी डॉक्टर तीन महिने सांगतात. तेही चुकीचं बोलत नाहीत. पूर्वी तीन महिन्यांचाच नियम होता, 2001 मध्ये अमेरिकेत रुबेलासाठी तो 28 दिवसांवर आणला गेला. काही कांजिण्यांच्या लसींच्या माहितीपत्रकात अजूनही तीन महिने छापलेले असतात. वय कमी आणि घाई नसेल तर तीन महिने थांबायला हरकत नाही. वय पस्तिशीकडे झुकलं असेल तर महिनाभर पुरे.

कावीळ बच्या लसीत जिवंत विषाणू नसतो. तिच्यासाठी थांबायची गरज नाही. डोस सुरू असताना दिवस गेले तरी उरलेले डोस गरोदरपणात घेता येतात.

एक उदाहरण घेऊ. 2001 साली जन्मलेली मुलगी, मे महिन्यात लग्न झालं. कांजिण्या झालेल्या नाहीत, रुबेलाची लस नाही. 8 जूनला पाळी आली, म्हणजे दिवस गेल्याची शंका नाही. 10 जूनला रक्त दिलं, एचबीएसएजी निगेटिव्ह आली. 12 जूनला एमएमआर, कांजिण्यांचा पहिला डोस आणि कावीळ बचा पहिला डोस, तिन्ही एकाच दिवशी वेगवेगळ्या जागी टोचले. हे चालतं. 12 जुलैला कांजिण्यांचा आणि कावीळ बचा दुसरा डोस. तिथून एक महिना, म्हणजे 12 ऑगस्टनंतर मूल होऊ द्यायला मोकळीक. कावीळ बचा तिसरा डोस 12 डिसेंबरला, तोपर्यंत दिवस गेले असले तरी चालेल. मधल्या दोन महिन्यांत निरोध वापरायचा. तो आशाताईंकडे मिळतो.

आता हेच कसं बिघडतं ते पाहा. 12 जूनला दवाखान्यात एमएमआर होती, कांजिण्यांची लस शिल्लक नव्हती. “पुढच्या आठवड्यात या” असं सांगितलं आणि 20 जूनला ती दिली. जिवंत विषाणूच्या दोन लसी एक तर एकाच दिवशी द्यायच्या, नाहीतर मध्ये 28 दिवस सोडायचे. आठवड्याने दिलेला तो डोस धरता येत नाही, पुन्हा घ्यावा लागतो. म्हणून त्या वेळी 10 जुलैपर्यंत थांबायचं. मग दुसरा डोस 10 ऑगस्टला आणि मोकळीक 10 सप्टेंबरनंतर. एक महिना लांबलं, पण लस वाया गेली नाही.

हे सगळं साखरपुडा आणि लग्न यांच्या मधल्या काळात उरकलं, तर थांबण्याचा प्रश्नच येत नाही. लग्नानंतर सासूने “आता गोड बातमी कधी?” विचारायच्या आत सगळे महिने सरलेले असतात.

थांबायच्या काळात दिवस गेले तर?

घाबरून गर्भ पाडायला धावू नका. लसीतल्या विषाणूमुळे बाळाला रुबेलाचं व्यंग आल्याचं आजवर आढळलेलं नाही. थांबा म्हणतात ते जादा खबरदारी म्हणून. डॉक्टरांना लसीची तारीख सांगायची, नेहमीची तपासणी आणि सोनोग्राफी करायची. लसीच्या कारणावरून गर्भपाताचा सल्ला कुणी देत असेल तर दुसऱ्या स्त्रीरोगतज्ज्ञाला दाखवा.

एमएमआरनंतर एक-दोन आठवड्यांनी थोडा ताप, पुरळ येऊ शकतं. मोठ्या बायकांना बोटांचे, मनगटाचे, गुडघ्याचे सांधेही दुखतात. पावसाळ्यात तर लोक थेट चिकुनगुनियाच समजतात. हे दुखणं आपोआप थांबतं. कॅन्सरची औषधं किंवा स्टिरॉइडच्या गोळ्या सुरू असतील, किंवा अलीकडे रक्त चढवलं असेल, तर डॉक्टरांना आधी सांगा. अशा वेळी या दोन लसी पुढे ढकलाव्या लागतात किंवा टाळाव्या लागतात.

खर्च आणि बर्फ

सरकारी गोवर-रुबेला लस लहान मुलांसाठी आहे. मोठ्या बाईला एमएमआर आणि कांजिण्यांची लस बहुधा खासगीतच घ्यावी लागते. एमएमआर तुलनेने स्वस्त, कांजिण्यांची महाग आणि तीही दोनदा. पैसे एकाच लसीपुरते असतील तर रुबेला आधी.

मेडिकलमधून लस आणायला सांगितली तर विचारून घ्या. या लसी 2 ते 8 अंश तापमानात ठेवाव्या लागतात. तालुक्याहून पिशवीत टाकून एसटीने उन्हात आणलेली लस निकामी होते आणि ते बाटलीकडे बघून कळत नाही. शक्यतो ज्या दवाखान्यात लसीचा फ्रीज आहे तिथेच घ्या. कांजिण्यांच्या लसीची पावडर पाण्यात मिसळल्यावर अर्ध्या तासात टोचावी लागते. आपल्यासमोर मिसळायला सांगायला लाजू नका. बाटलीवरचं स्टिकर कार्डावर लावून, तारीख आणि सही घ्या.

आणि ज्या आधीच गरोदर आहेत, त्यांनी रुबेलाची लस आता घ्यायची नाही. पुरळ-ताप असलेल्या माणसापासून लांब राहायचं आणि बाळंतपणानंतर, दवाखान्यातून घरी जाण्याआधीच एमएमआर मागायची. अंगावर पाजत असताना ती घेता येते, बाळाला त्रास होत नाही.