संशयित उताऱ्याची पुनर्निर्मितीद्वारे पडताळणी

एखादा उतारा भाषा मॉडेलने लिहिल्याचा संशय आल्यास तीच सूचना, म्हणजे प्रॉम्प्ट, मॉडेलला अनेकदा देऊन मिळालेल्या उत्तरांशी तो उतारा ताडून पाहण्याची ही रीत होय. मॉडेल पुढील शब्द संभाव्यतेनुसार निवडते. त्यामुळे उत्तर सहसा दरवेळी बदलते आणि एकाच उत्तरावरून निष्कर्ष काढता येत नाही.

समजा, नागपूरलगतच्या बेसा गावावरील लेखात ‘बेसा म्हणजे परंपरा आणि आधुनिकता यांचा सुंदर संगम’ असे वाक्य आढळले. ‘बेसा गावाविषयी परिच्छेद लिहा’ ही सूचना २० वेळा, प्रत्येक वेळी नव्या संभाषणात, द्यावी. १४ उत्तरांत असा ‘संगम’ आला, तर ते वाक्य मॉडेलच्या ठरीव शैलीतले मानता येते. ‘बेसा नागपूर जिल्ह्यात आहे’ हे मात्र वीसही वेळा आले तरी त्यावरून काही सिद्ध होत नाही. ते कोणीही लिहील. म्हणून मॉडेले प्रचारात येण्यापूर्वीच्या लेखांतही संशयित वाक्य शोधावे. तेथेही ते वारंवार आढळल्यास पुरावा दुबळा होतो.

वाक्य एकाही उत्तरात न आल्यास संशय खोटा ठरत नाही, कारण लेखकाने दिलेली सूचना व वापरलेले मॉडेल बहुधा अज्ञात असते. ते आल्यासही, केवळ तेवढ्यावरून लेखकास दोषी ठरवता येत नाही.