पंधरा दिवसांच्या युरोपसाठी कोणतं सिम?

पॅरिस, मग स्वित्झर्लंड, शेवटी रोम. आपल्याकडच्या बहुतेक युरोप सहलींचा मार्ग साधारण असाच असतो, आणि फोनच्या नेटचा घोळ होतो तो नेमका मधल्या टप्प्यावर. पॅरिसमध्ये घेतलेलं फ्रेंच सिम इटलीत चालतं, कारण 2017 पासून युरोपीय संघातल्या देशांत रोमिंगचा जादा आकार रद्द झाला आहे. पण स्वित्झर्लंड त्या संघात नाही. कंपनीने तो देश प्लॅनमध्ये घेतला नसेल, तर ल्युसर्नला पोहोचल्यावर नेट बंद पडतं किंवा शिल्लक भराभर संपते. ई-सिम घेतानाही 'युरोप' एवढ्या शब्दावर न जाता देशांच्या यादीत Switzerland आहे का, ते बघावं.

तरीही माझ्या मते निवड डेटाच्या दरावरून करू नये. आधी बँकेच्या ओटीपीचा विचार करावा. परदेशात कार्ड वापरताना ओटीपी भारतातल्या नंबरावरच येतो. फोनला सिमची एकच जागा असेल आणि तिथे स्थानिक सिम घातलं, तर तो येणारच नाही. ई-सिमची खरी सोय इथे आहे: ते फोनच्या आतच असतं, त्यामुळे आपलं सिम जागेवर राहतं. डायल पॅडवर *#06# दाबल्यावर EID असा क्रमांक दिसला, तर फोन बहुधा ई-सिम घेतो.

ई-सिमचा क्यूआर कोड घरच्या वायफायवरच स्कॅन करावा, कारण तो उतरवून घ्यायलाही इंटरनेट लागतं. मुदत स्कॅन केल्यापासून मोजतात की परदेशी नेटवर्क मिळाल्यापासून, ते आधी वाचावं. भारतीय नंबरावर आंतरराष्ट्रीय रोमिंग सुरू करून घ्यावं, पण त्याचं डेटा रोमिंग बंद ठेवावं; ई-सिमचं मात्र चालू. सिग्नलच्या काड्या दिसतात पण नेट नाही, असं झालं तर बहुतेक वेळा हेच उलटं झालेलं असतं. आयफोनमध्ये Allow Cellular Data Switching हा पर्यायही बंद करावा, नाहीतर ई-सिमचा सिग्नल गेला की फोन भारतीय सिमच्या डेटाकडे वळू शकतो. व्हॉट्सॲपने नवा नंबर घेऊ का विचारलं, तर जुनाच ठेवावा.

पॅक न घेता भारतीय नंबरावर आलेला फोन उचलला, तर त्याचे पैसे पडतात. म्हणून ज्यांना रोज घरच्यांचे साधे फोन येतात आणि सेटिंगमध्ये शिरायचं नाही, अशा आई-बाबांसाठी मी महाग असला तरी रोमिंग पॅकच घेईन. त्यात फक्त एक सांभाळायचं. विमान दुबईत किंवा दोह्यात थांबतं, तिथे फोन चालू केला की काही पॅकची मुदत तिथूनच मोजली जाते, आणि तो देश पॅकमध्ये नसेल तर वेगळा आकार लागतो. तेवढा वेळ फोन विमान मोडवर ठेवून विमानतळाचं वायफाय वापरावं.