वहीतला निबंध आणि सॉफ्टवेअरचा संशय

आमच्या मोहल्ल्यातल्या अभ्यासिकेत येणाऱ्या बी.ए.च्या एका मुलाचा इंग्रजी निबंध त्याच्या कॉलेजने परत केला. हा एआयने लिहिलाय असं सॉफ्टवेअर सांगतं, एवढंच कारण दिलं. मुलाने तो निबंध आमच्यासमोर बसून लिहिला होता. त्याचे अब्बू आम्हाला म्हणाले, "स्वतः लिहूनही चोर ठरायचं असेल, तर पोराने लिहायचं तरी कसं?"

प्रश्न रास्त आहे. डिटेक्टर काही लिहिणाऱ्याला ओळखत नाही. एका शब्दानंतर पुढचा शब्द कोणता येईल याचा अंदाज किती सहज बांधता येतो, हे तो मुख्यतः मोजतो. अंदाज सारखा बरोबर येत गेला की लिखाण मशीनचं, असा त्याचा हिशोब. आता ज्याची इंग्रजी ही दुसरी किंवा तिसरी भाषा आहे, त्याच्याकडे शब्द मोजकेच असतात आणि वाक्यंही ठराविक. 2023 मध्ये स्टॅनफर्डच्या संशोधकांनी इंग्रजी मातृभाषा नसलेल्यांचे टोफेल परीक्षेसाठीचे 91 निबंध सात डिटेक्टरांना दाखवले. माणसांनीच लिहिलेले हे निबंध सरासरी 61 टक्क्यांहून जास्त वेळा एआयचे ठरवले गेले. त्याच वर्षी जुलैत ओपनएआयने आपला स्वतःचा डिटेक्टर अचूकता कमी म्हणून बंद केला.

तरी त्या मुलाचा निबंध आम्ही पुन्हा वाचला, आणि खरं सांगायचं तर आम्हालाही त्यात तो दिसला नाही. विषय पाणीटंचाईचा होता. सुरुवात, मराठीत सांगायचं तर, अशी होती: "आजच्या आधुनिक युगात पाणीटंचाई ही एक गंभीर समस्या बनली आहे." हे वाक्य गाईडमधलं, दहावीपासून पाठ झालेलं. पाणीटंचाई काढून तिथे प्रदूषण किंवा बेकारी घाला, वाक्य तसंच चालतं. विषयाचा शब्द बोटाने झाकायचा आणि उरलेलं वाक्य दुसऱ्या कुठल्याही निबंधात बसतं का बघायचं, ही आमची साधी तपासणी. त्याच्या पहिल्या पानावरची जवळजवळ सगळी वाक्यं बसली.

मग आम्ही त्याला सरावाला बसवलं. आठवड्यातून तीन दिवस, मगरिबनंतर, चाळीस मिनिटं. आयएल्ट्सच्या मोठ्या निबंधाला एवढाच वेळ असतो आणि किमान 250 शब्द लागतात, म्हणून हे माप धरलं. मोबाईल दुसऱ्या खोलीत. शिवलेली वही, सुटे कागद नाहीत. वर तारीख, सुरू केल्याची वेळ आणि संपल्याची वेळ. पेनानेच लिहायचं, आणि चुकलं तर एक रेघ मारून पुढे जायचं. खोडलेला शब्द वाचता आला पाहिजे. पहिली पाच मिनिटं मुद्दे मांडायला, शेवटची पाच वाचून बघायला.

पहिल्या दिवशी त्याचे दीडशे शब्द झाले, आणि तेही गाईडचेच. घाई झाली की हात आधी पाठांतराकडेच जातो. म्हणून सरावाचं खरं काम दुसऱ्या दिवशी असतं. कालचं पान मोठ्याने वाचायचं, बोटाच्या तपासणीत सापडलेली वाक्यं अधोरेखित करायची आणि त्यातलं एकच पुन्हा लिहायचं. ते लिहिताना स्वतःला विचारायचं, मी हे कुठे पाहिलं? त्याने लिहिलं: "आमच्या गल्लीत टँकर पहाटे साडेचारला येतो. अम्मी हंडे लावते, मी पाइप धरतो. म्हणून पहिल्या तासाला मी पेंगतो." इंग्रजीत एक क्रियापद चुकलं होतं. आम्ही ते दुरुस्त केलं, बाकी हात लावला नाही. पालकांनीही हेच करावं. मुलाचं वाक्य 'चांगलं' करायला गेलात, तर ते तुमचं होतं.

सातव्या-आठव्या निबंधापासून अशी वाक्यं घड्याळ चालू असतानाच यायला लागली. टंचाईवरचा निबंध आता टँकरपासून सुरू होत होता.

एक गोष्ट मात्र स्पष्ट सांगतो. याने डिटेक्टरचा आकडा शून्यावर येईल अशी खात्री कुणी देऊ शकत नाही, आणि मशीनला चकवायला मुद्दाम चुका पेरणं हा तर निव्वळ मूर्खपणा. वहीचा उपयोग वेगळा आहे. कॉलेजचा निबंधही आधी वहीत लिहायचा, मग टाइप करायचा. टाइप केल्यावर व्याकरण सुधारणाऱ्या अ‍ॅपला सगळी वाक्यं नव्याने लिहू द्यायची नाहीत, कारण तिथे पुन्हा सगळं सपाट होतं. गूगल डॉक्समध्ये टाइप केलं तर जुन्या आवृत्त्याही वेळेसकट राहतात. संशय आलाच, तर समोरच्या शिक्षकाला तारखांसह वाढत गेलेलं एकाच माणसाचं लिखाण दाखवता येतं.

तो मुलगा नंतर वही घेऊन सरांकडे गेला. "सर, तुम्ही विषय द्या, मी इथेच लिहितो," म्हणाला. सरांनी एसटीच्या प्रवासावर लिहायला सांगितलं. चाळीस मिनिटांनी त्यांनी कागद घेतला, वहीतल्या टँकरच्या पानाशेजारी ठेवला आणि दोन्ही वाचले. परत केलेला निबंध त्यांनी त्याला पुन्हा लिहून आणायला सांगितला, आणि तो वहीतूनच तपासला.