फ्रँको गेला, म्हणून लोकशाही आली?

स्पेनचा हुकूमशहा फ्रँको २० नोव्हेंबर १९७५ रोजी वारला आणि देशात लोकशाही आली, असं सर्रास सांगितलं जातं. प्रत्यक्षात दोन दिवसांनी गादीवर आलेल्या राजा हुआन कार्लोसने फ्रँकोचाच पंतप्रधान, आरियास नवारो, कायम ठेवला.

गैरसमज : थोडी मोकळीक मिळाली की लोकशाही सुरू झाली.

मोकळीक नवारोनेही दिली होती. राजकीय संघटना काढता येत होत्या, पण फ्रँकोच्या एकमेव अधिकृत पक्षाच्या चौकटीत राहूनच. सत्तेवर कोण बसणार हे मतदाराच्या हाती नव्हतंच. याला उदारीकरण म्हणतात, आणि ते देणारा उद्या परतही घेऊ शकतो. संप आणि मोर्चे वाढत गेले. जुलै १९७६ मध्ये नवारो पायउतार झाला.

गैरसमज : जुनी राजवट बाहेरून उलथवावीच लागते.

नवा पंतप्रधान आदोल्फो सुआरेझ त्याच एकमेव पक्षाचा सरचिटणीस होता. त्याने फ्रँकोच्याच संसदेपुढे विधेयक ठेवलं : यापुढची संसद सार्वत्रिक मतदानाने निवडली जाईल. म्हणजे बसलेल्या सदस्यांनी आपल्या खुर्च्या आपणच सोडायच्या! १८ नोव्हेंबर १९७६ ला ४२५ जणांनी बाजूने मत दिलं, विरोधात फक्त ५९. बदल जुन्या कायद्याच्या वाटेनेच होत असल्याने फ्रँकोशी निष्ठेची घेतलेली शपथ मोडल्यासारखं होत नव्हतं, शिवाय पुढच्या निवडणुकीत आपणही निवडून येऊ, अशी अनेकांना आशा होती. एप्रिल १९७७ मध्ये कम्युनिस्ट पक्षावरची बंदीही उठली, आणि जूनमध्ये निवडणूक झाली. या समझोत्याची किंमत मात्र जबर होती. त्याच वर्षीच्या माफीच्या कायद्याने राजकीय कैदी सुटले, तसे फ्रँकोच्या काळात छळ करणारे पोलीस आणि अधिकारीही सुटले. त्या काळातल्या पीडितांना न्याय मिळाला नाही, हे विसरून स्पेनचं कौतुक करू नये.

गैरसमज : राज्यघटना झाली की लोकशाही रुजली.

डिसेंबर १९७८ मध्ये जनमताने घटना मंजूर झाली. तरी २३ फेब्रुवारी १९८१ च्या संध्याकाळी, सुआरेझच्या जागी नव्या पंतप्रधानाच्या निवडीचं मतदान चालू असताना, लेफ्टनंट कर्नल तेहेरो सशस्त्र शिपाई घेऊन संसदेत घुसला. गोळीबार होताच बहुतेक खासदार बाकांखाली दडले. सुआरेझ आणि कम्युनिस्ट नेता कारियो जागचे हलले नाहीत. तिकडे व्हॅलेन्सियात रणगाडे रस्त्यावर आले होते. मध्यरात्रीनंतर राजाने लष्करी गणवेशात दूरचित्रवाणीवरून घटनेची बाजू घेतली. दुसऱ्या दिवशी बंडखोर शरण आले, पुढे तेहेरोला तीस वर्षांची शिक्षा झाली.

लोकशाही रुजली की नाही, हे अशाच वेळी कळतं : हरलेले निकाल मानतात का, आणि बंदुकवाल्यांचं कुणी ऐकतं का. ऑक्टोबर १९८२ च्या निवडणुकीत समाजवाद्यांनी ३५० पैकी २०२ जागा जिंकल्या. यादवी युद्धात फ्रँकोने हरवलेल्यांपैकीच हा एक पक्ष. डिसेंबरात त्यांचा नेता फेलिपे गोन्सालेस पंतप्रधान झाला, आणि लष्कर बराकीतच राहिलं.